मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांचा मुलगा शी धरून ठेवतो, पॉटी ट्रेनिंग थांबवायचं का?

रंकाळाकाठी
नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो, मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला प्लेग्रुपला घालायचंय आणि तिथे डायपर सुटलेला असावा अशी अट आहे. म्हणून दीड वर्षाचा झाल्यापासून त्याला पॉटी सीटवर बसवतोय. शूचं बरंचसं जमलं, पण शी त्याने सीटवर कधीच केली नाही. हल्ली तीन-चार दिवस होतच नाही. मग दाराच्या मागे जाऊन उभा राहतो, पाय एकमेकांवर घट्ट, टाचा उचललेल्या, चेहरा लालबुंद. आम्ही "कर, कर, जोर लाव" म्हणतो, तो रडतो आणि होत काहीच नाही. शेवटी होते तेव्हा मोठ्या माणसासारखी जाड, कडक. एकदा रक्ताची रेघही दिसली. डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं औषध दिलं होतं, त्याने बरं वाटलं. पण आता चड्डीला दिवसभर पातळ डाग लागतायत, म्हणून जुलाब समजून ते बंद केलं. ट्रेनिंग थांबवलं तर सगळं मागे जाईल असं सासूबाई म्हणतात. काय करावं?

मंगळवारपेठेतली काकू
अगं, आमच्या वेळी डायपर कुठं होता! तिसऱ्या महिन्यापासून पोरांना पायावर धरायचं, वर्षाच्या आत सवय लागायची. तुम्ही उशीर केलाय, लवकर नाही. रात्री चमचाभर एरंडेल दे, नाहीतर साबणाची बारीक कांडी लाव, लगेच होईल. आणि दूध बंद करू नको, हाडं बळकट होतात.

पाचगावचे बाबा
आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, रात्री अजून अंथरूण ओलं करतो. संध्याकाळी सहानंतर पाणी कमी केलं तर फरक पडतो. तुम्हीही करून बघा.

रंकाळाकाठी
दादा, आमचा प्रश्न शूचा नाही, शीचा आहे. पाणी कमी केलं तर अजून कडक होईल ना?

इचलकरंजीचे बालरोगतज्ज्ञ
ताई, पाणी कमी करू नका. तुम्ही वर्णन केलंय ते कुंथणं नाही. कुंथणारं मूल उकिडवं बसतं, पुढे वाकतं. हा टाचा उचलून, पाय आवळून, ढुंगण घट्ट धरून उभा आहे. तो शी बाहेर ढकलत नाही, आत थांबवतोय. "जोर लाव" म्हटल्यावर तो त्याच ताकदीने आणखी आवळणार.

हे असं सुरू होतं. एकदा शी कडक झाली, दुखलं. पुढच्या वेळी कळ आली की तो धरतो. धरलेल्या शीतलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक आणि जाड होते, पुढची वेळ आणखी दुखते. त्यात रोज ठरावीक वेळी सीटवर बसवणं, सगळ्यांचं लक्ष, नाही केली की नाराजी. या वयात त्याच्या हातात असलेली ही एकच गोष्ट, ती तो सोडत नाही.

आता डाग. गुदाशयात कडक शी साठून राहिली की वरची पातळ शी तिच्या बाजूने झिरपते. गुदाशय ताणला गेल्यामुळे मुलाला ते कळतही नाही. म्हणजे हे बहुधा जुलाब नसून बद्धकोष्ठाचंच लक्षण आहे. औषध बंद करण्याआधी पोट दाखवायला हवं. डॉक्टर हाताने चाचपूनच बहुतेक वेळा सांगू शकतात. दोन प्रश्न: जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का? आणि दूध किती पितो?

रंकाळाकाठी
हो, दुसऱ्या दिवशीच झाली होती. वजनही ठीक आहे. दूध म्हणजे गवळ्याकडचं म्हशीचं, सकाळ-संध्याकाळ मोठा ग्लास, शिवाय झोपताना बाटली. त्यामुळे भाकरी-भाजी फारशी खात नाही.

इचलकरंजीचे बालरोगतज्ज्ञ
पहिली शी वेळेत झाली हे चांगलं. उशीर झाला असता, पोट सतत फुगलेलं असतं, हिरव्या उलट्या असत्या किंवा वजन वाढत नसतं, तर आधी वेगळ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा आणि झोपतानाची बाटली बंद करा. पोट दुधाने भरलं की भूक कुठून लागणार? पण नुसत्या पेरू-पपईवर हे सुटेल असं समजू नका, या टप्प्यावर औषध लागतं.

काकू, पायावर धरण्याबद्दल तुमचं खरं आहे. त्यात आई बाळाची खूण ओळखून धरायची, बाळावर सक्ती नव्हती. दोन वर्षांच्या मुलाला "आत्ताच कर" म्हणणं निराळं. साबणाची कांडी मात्र नको. आतली त्वचा जळजळते, आणि चिरलेल्या जागी काहीही घातलं की तो पुढच्या वेळी आणखी घाबरतो. एरंडेलाने मुरडा येतो, मुलाला तेही दुखणंच.

जयसिंगपूरचा_बाप
आमच्या लेकीचं असंच झालं होतं. डॉक्टरांनी पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात मिसळून द्यायला सांगितली. मऊ व्हायला लागली म्हणून आम्ही महिन्याच्या आत बंद केली आणि सगळं परत सुरू झालं. दुसऱ्यांदा कितीतरी महिने दिली. सवय लागेल अशी भीती सगळे घालतात, तसं काही झालं नाही.

इचलकरंजीचे बालरोगतज्ज्ञ
बरोबर. ती पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, आतड्याला चिमटे काढत नाही. साठलेलं असेल तर आधी काही दिवस मोठा डोस देऊन मोकळं करतात, मग रोजचा लहान डोस किमान दोन महिने. सगळं सुरळीत झाल्यावरही निदान महिनाभर, आणि मग हळूहळू कमी. डोस वजनावर ठरतो, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. रोज एकदा, शिऱ्याइतकी मऊ, न रडता, हे लक्ष्य.

ट्रेनिंग आजच थांबवा. डायपर परत घाला, सीट नजरेआड ठेवा, "केलीस का?" हा प्रश्न घरात कुणीही विचारू नये. काही आठवडे मऊ शी न दुखता झाली आणि तो दाराच्या मागे लपणं थांबला, की मग बघायचं. दोन-दोन तास कोरडा राहतो का, चड्डी स्वतः खाली करतो का, "चेंडू उचल आणि बाबांना दे" असं दुहेरी सांगितलेलं करतो का, आणि मुख्य म्हणजे शी येण्याआधी तुम्हाला येऊन सांगतो का. तुमच्या मुलाला कळ कळते, म्हणून तर तो कोपरा शोधतो. पण कळणं आणि सोडायला तयार असणं वेगळं. आधी डायपर घालूनच बाथरूममध्ये करू दे, मग डायपर घालून सीटवर, मग डायपर काढून. पायाखाली पाट ठेवा, पाय लोंबकळले तर जोर लागत नाही. जेवणानंतर पाचेक मिनिटं, त्याहून जास्त नाही.

मंगळवारपेठेतली काकू
पाटाचं पटलं. पण डायपर परत घालायचा हे मला काही पटत नाही बाई. सवय मोडते.

रंकाळाकाठी
धन्यवाद डॉक्टर. उद्याच पोट दाखवायला नेते. सासूबाईंना डागांबद्दल वाचून दाखवलं, त्या गप्प झाल्या, पण डायपरला अजून तयार नाहीत. आणि जूनचं काय करू? प्लेग्रुपवाले डायपर घालून घेतीलसं वाटत नाही.

जयसिंगपूरचा_बाप
आम्ही बाईंना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर डायपर चालेल म्हणाल्या. दुसरीकडे आधी नकार मिळाला होता. विचारून बघा. नाही म्हणाले तर दिवाळीनंतर घाला.