अनुभव धागा: दरवर्षी 10% वाढणारी एसआयपी, शेवटी हातात नेमकं किती?

कंदीपेढा
सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, स्टेप-अप एसआयपी कुणी लावलीये आणि खरंच दरवर्षी वाढवत नेलीये का ते इथं लिहा. आमच्याकडं एजंट येऊन मोबाईलवर आकडा दाखवून गेला, महिना 5,000, दरवर्षी 10% वाढ, 15 वर्षं, 12% परतावा धरून 43 लाख 42 हजार. न वाढवता 5,000 च ठेवले तर 25 लाख 23 हजार. नुसतं वाढवल्यानं 18 लाख जास्त? हे काय पचेना मला.

मिरजेचा_तंबोरा
पचवा ताई 😀 12% परतावा आणि वर 10% वाढ, म्हणजे 22% नी पैसा पळतोय की. माझी चालू आहे, मी तर कुणी भेटला की हेच सांगतो.

पोवई_नाका
तंबोरादादा, वाढवल्यानं आकडा मोठा होतो हे बरोबर पण ते 22% वगैरे काही नाही, परतावा 12 च आहे. 10% वाढ तुमच्या खिशातनं जातीये. ताई, एजंटनं खिशातनं किती जाणार ते दाखवलं का? साध्या एसआयपीत 15 वर्षांत तुम्ही 9 लाख भरता, स्टेप-अपमधे 19 लाख 6 हजार. म्हणजे त्या जादाच्या 18 लाखातले 10 लाख तुमचेच, उरलेले 8 लाख ही त्याच्यावरची कमाई.

आणि अजून एक बघा. हेच 19 लाख समान हप्त्यानं पहिल्यापासून भरले असते, म्हणजे महिना साधारण 10,590, तर त्याच 12% नं 53 लाखाच्या वर गेले असते. तेवढाच पैसा भरून स्टेप-अपला 10 लाख कमी, कारण मोठे हप्ते उशिरा पडतात. निम्मी रक्कम शेवटच्या 5 वर्षांत जाते राव, तिला वाढायला वेळच कुठाय. आज 10,590 जमत असतील तर सरळ तेवढ्याची लावा, नसतील तरच स्टेप-अप.

विट्याचा_मास्तर
झेडपी शाळेत आहे. मला 10% झेपलं नाही. आमची वार्षिक वेतनवाढ मूळ पगारावर 3%, वर महागाई भत्ता मिळेल तसा, आणि हप्ता 10% नं पळतोय. 5,000 चे पंधराव्या वर्षी 18,987 होतात हे एजंट सांगत नाही, तो पहिला हप्ता आणि शेवटचा आकडा तेवढा दाखवतो. मधे पोरांची कॉलेजं, घराचा हप्ता. मी 5% वर आणलं. मग शेवटचा हप्ता 9,900 च्या आसपास आणि आकडा 32 लाख 65 हजार येतो. कमी आहे पण बंद तरी पडणार नाही.

कंदीपेढा
अगंबाई, महिना 19 हजार! हे कुणी बोललंच नाही.

गणपती_पेठ
माझा अनुभव ऐका. दुकान आहे सांगलीत, धंदा बरा चालला होता म्हणून 20% लावलं, सुरुवात 5,000 नीच. चार वर्षं काही नाही, पाचव्या वर्षी हप्ता कटेचना. फंडवाले म्हणतात बँकेला विचारा, बँक म्हणती फंडाला विचारा, दोघांच्या मधे मी. शेवटी कळलं की सुरुवातीला फॉर्म भरताना बँक मॅन्डेट 10,000 चं घातलेलं आणि हप्ता झालेला 10,368. बँकेनं रिटर्न चार्ज लावला तो वेगळा. सलग तीन हप्ते गेले नाहीत तर एसआयपीच रद्द होते म्हणे, त्याच्या आत नवीन मॅन्डेट केलं म्हणून वाचलो.

पोवई_नाका
हे लई जणांचं होतं. 10% वाढीतसुद्धा 5,000 चा हप्ता नवव्या वर्षी 10,718 होतो, तेव्हा मॅन्डेट शेवटच्या वर्षाचा हप्ता बघून करायचं. 20-25 हजाराचं करून ठेवलं म्हणून तेवढे कापले जात नाहीत, ती फक्त वरची मर्यादा असते.

ऊसवाला_वाळवा
आमच्यासारख्याचं काय? कारखान्याचं बिल वर्षातनं एकदोनदा, महिन्याला कुठनं आणायचं. पतसंस्थेत रिकरिंग आहे त्यात पण असं दरवर्षी वाढवता येतं का?

औंधची_यमाई
माझ्या फंडाच्या फॉर्मवर टक्का घालायची सोयच नव्हती, 500 च्या पटीतच टॉप-अप. मला वाटलं 5,000 चे 10% म्हणजे 500 च की, एकच गोष्ट. पहिल्या वर्षी एकच असतं, नंतर फाटा फुटतो. रुपयात वाढवलं की पंधराव्या वर्षी हप्ता 12,000, टक्क्यात 19,000. शेवटचा आकडा माझ्या हिशोबानं साडेसदतीस लाखाच्या आसपास येतो, कुणीतरी तपासा. मला हेच बरं वाटतं खरं तर, पगारसुद्धा रुपयातच वाढतो की माझा 😀

पोवई_नाका
बरोबर आहे ताई, 37 लाख 55 हजार. भरणा 15 लाख 30 हजार.

मिरजेचा_तंबोरा
बरं 22 चं सोडा. पण माझ्या दोन ॲपवर सगळं सेम टाकून एकात 43.4 लाख आणि दुसऱ्यात 41.4 लाख येतंय. मग खोटं कोण बोलतंय?

पोवई_नाका
कुणीच नाही. पहिलं ॲप 12% ला बारानं भागून महिना 1% धरतं, मग चक्रवाढीनं वर्षाचे 12.68% होतात. दुसरं वर्षाला बरोबर 12% च बसेल असा महिन्याचा दर काढतं, 0.95% च्या जरा आत. फंडाच्या फॅक्टशीटमधला एका वर्षावरच्या काळाचा परतावा वार्षिक चक्रवाढीचा असतो, तो आकडा घेऊन हिशोब करत असाल तर दुसरं ॲप जवळचं.

विट्याचा_मास्तर
मी एक्सेलमधे तयार सूत्र बसवलं होतं, वाढीचा दर आणि परतावा दोन्ही 12 टाकले की #DIV/0! यायचं. दोन दरांच्या फरकानं भागतंय, फरकच शून्य. त्यापेक्षा वर्षाला एक ओळ करा, मधे एखाद्या वर्षी वाढ चुकली तरी तेवढाच आकडा बदलता येतो:

```
B2: 5000
C2: =FV(1%,12,-B2,0,1)
B3: =B2*1.1
C3: =FV(1%,12,-B3,-C2,1)
```

तिसरी ओळ खाली ओढत न्या. बी मधे त्या वर्षाचा हप्ता, सी मधे वर्षाअखेर जमलेले. पहिल्या वर्षाला 64,047 आणि दुसऱ्याला 1,42,621 आलं की समजा बरोबर बसलं. शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला.

गणपती_पेठ
मास्तर हे बरं केलंत. मी पाचव्या वर्षापासून 20 चं 8 केलं, बघतो टाकून.

पोवई_नाका
टाकाच. आणि शेवटच्या चार-पाच ओळीत 1% च्या जागी 0.5% घालून बघा. निम्मा पैसा तिथंच पडत असल्यानं बाजार शेवटी झोपला तर स्टेप-अपवाल्याचा मोठा पैसा तसाच पडून राहतो. 12% काय कुणी लिहून दिलेलं नाही.

कंदीपेढा
नवऱ्याला दाखवलं सगळं. तो म्हणतो 7,000 नी सुरू करू आणि 5% वाढवू. मॅन्डेट केवढ्याचं करायचं मग?

विट्याचा_मास्तर
पंधराव्या वर्षी 13,860 होतील. 15 हजाराचं करा.

ऊसवाला_वाळवा
रिकरिंगचं कुणी सांगतंय का?