शब्दचर्चा: ‘पॉलिगोनल लॅसो’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘डिलीट करा’ म्हणजे नक्की काय करा?

रानजाई
मंडळी, एक अडचण आलीये. आमच्याकडे फोटो आणि डीटीपी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मी मराठीत पायऱ्या लिहून देतेय. उदाहरण घेतलंय गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या फोटोचं, खाली दुकान आणि दुकानावर पिवळा पत्र्याचा बोर्ड, तो काढून मागची राखाडी भिंत दिसायला हवी एवढंच काम. फोटो समोरच्या फुटपाथवरून थोडा बाजूने घेतलाय त्यामुळे बोर्ड तिरका दिसतो, डावीकडे उंच आणि उजवीकडे निमुळता. तर प्रश्न दोन. पॉलिगोनल लॅसोला मराठी शब्द आहे का? आणि शेवटच्या पायरीला ‘डिलीट करा’ लिहू, ‘काढा’ लिहू की ‘पुसा’? मुलांनी शब्दावरून चुकीचं बटण दाबू नये इतकीच अपेक्षा आहे.

शब्दवेडा
बहुभुज फास! लॅसो म्हणजे गुरं पकडायचा दोर, त्याच्या टोकाला फास असतो, आणि पॉलिगॉनला शाळेत बहुभुजाकृती शिकलोच आहोत. हे टूल बोर्डाच्या कडा स्वतःच ओळखून पकडतं म्हणून ‘फास’ अगदी चपखल बसतो. आणि रेघ सरळ यावी म्हणून शिफ्ट दाबून ठेवायला सांगा मुलांना, नाहीतर हात हलतो.

फ्लेक्सवाले काका
शब्दवेडा, शब्द राहू द्या बाजूला पण वर्णन दुसऱ्याच टूलचं झालं. कडा ओळखून चिकटणारं ते मॅग्नेटिक लॅसो, शेजारच्याच खणात असतं म्हणून घोळ होतो. पॉलिगोनलला कडा बिडा काही कळत नाही, तुम्ही जिथे क्लिक कराल तिथे टोक आणि दोन क्लिकच्या मधे सरळ रेघ, बस. रेघ तशीही सरळच येते, शिफ्टने ती फक्त आडवी, उभी किंवा ४५ अंशात अडकते. ताईंचा बोर्ड तिरका आहे म्हणजे शिफ्ट दाबलं की रेघ बोर्डाची कड सोडून भलतीकडे जाणार. शिफ्टचा अजून एक त्रास असा की पहिल्या क्लिकच्या आधी दाबलं तर ते आधीच्या सिलेक्शनमध्ये भर घालतं आणि सुरुवात झाल्यावर दाबलं तर कोन अडकवतं, आल्टचंही तसंच, आधी दाबलं तर वजाबाकी आणि मधे दाबून ओढलं तर हाताने काढलेली वेडीवाकडी रेघ. हे मुलांना तोंडी सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं.

आमच्याकडे कोणी लॅसो म्हणत नाही हो. ‘कोपऱ्याकोपऱ्याला क्लिक मार’ म्हणतात, झालं. गवंडी खुंट्या ठोकून लाइनदोरी ताणतो ना, तसंच आहे ते, खुंटी जिथे ठोकाल तिथेच दोरी वळणार.

शब्दवेडा
अरे हो, मॅग्नेटिक. बरं मग फास नको, पण ‘दोरी सिलेक्शन’ चालेल ना?

रानजाई
दोरी सिलेक्शन मला आवडलं पण साध्या लॅसोलाही दोरीच म्हणावं लागेल, मग दोन्हींत फरक कसा करायचा? ‘सैल दोरी’ आणि ‘ताठ दोरी’? काका, तुम्ही माझ्या फोटोवर काम केलं असतं तर कसं केलं असतं ते लिहाल का, मी शब्द त्यावरून ठरवीन.

फ्लेक्सवाले काका
लिहितो. मी फोटोशॉपचं सांगतो, ते रोजचं आहे.

आधी वरच्या पट्टीत Feather बघायचं, तिथे 0 px हवं. कोणीतरी आधी चेहरा मऊ करायला २० ठेवलेलं असतं आणि ते तसंच राहतं, मग बोर्डाचे कोपरे गोल येतात आणि काढल्यावर पिवळी धूसर झाक मागे उरते. हलणाऱ्या तुटक रेघा कोपऱ्यात गोल वळल्या की समजायचं फेदर चालू आहे, तिथेच थांबायचं, कारण ते आकडे सिलेक्शन काढायच्या आधी टाकावे लागतात, नंतर बदलून झालेलं सुधरत नाही.

मग २०० टक्के झूम. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, पण पत्र्याच्या कडेवर नाही, कडेच्या दोन-तीन पिक्सेल बाहेर भिंतीवर. का, तर कडेवरचे पिक्सेल शुद्ध पिवळे नसतात आणि शुद्ध राखाडीही नसतात, दोन्हींची मिसळ असते, बरोब्बर कडेवर क्लिक केलं तर बोर्ड जातो आणि त्याची बारीक पिवळट चौकट भिंतीवर राहते. नवशिक्याचं काम ओळखायची हीच खूण. मग वरचा उजवा कोपरा, मग खाली, आणि इथे लोक चुकतात: बोर्डाची सावली. ऊन वरून असेल तर बोर्डाच्या खाली काळा पट्टा पडलेला असतो, तो आत नाही घेतला तर बोर्ड गायब आणि सावली हवेत. म्हणून खालचे कोपरे बोर्डाचे नव्हे, सावलीचे. लोखंडी पट्ट्या बाहेर आल्या असतील तर त्यांच्यासाठी दोन-चार क्लिक जास्तीच्या. म्हणजे चौकोनी बोर्डाला चार नाही, आठ-दहा क्लिक सहज लागतात.

क्लिक चुकला तर बॅकस्पेस, एकेक टोक मागे जातं. एस्केप मारलं की सगळंच जातं. स्क्रीनच्या बाहेर जायचं असेल तर स्पेसबार धरून फोटो सरकवायचा, सिलेक्शन तुटत नाही. शेवटी पहिल्या टोकाजवळ आलं की कर्सरशेजारी छोटं वर्तुळ दिसतं, तिथे क्लिक केलं की बंद. घाईत दोन क्लिक पटापट पडले तर त्याला डबलक्लिक समजून ते आहे तिथूनच सरळ रेघ मारून बंद करतं, अर्धा बोर्ड बाहेर राहतो. सुरुवातीला हे सगळ्यांचंच होतं.

कळशी
जिंपवाल्यांसाठी सांगते, तिथे हे दोन वेगळे प्रकार नाहीतच. एकच फ्री सिलेक्ट टूल, क्लिक करत गेलात तर सरळ रेघा आणि ओढलंत तर मोकळी रेघ. आणि फोटोशॉपपेक्षा बरं म्हणजे एंटर दाबेपर्यंत मारलेलं टोक धरून सरकवता येतं. त्यामुळे माझ्यासाठी तरी सैल आणि ताठ दोरी असा भेद निरर्थक आहे, एकच दोरी, कशी धरली त्यावर आहे.

फ्लेक्सवाले काका
ते सरकवायचं सुख फोटोशॉपच्या लॅसोत नाही हे खरं. इथे ज्यांना टोकं नंतर हलवायचीत त्यांनी पेन टूलने पाथ काढावा, त्याची टोकं हवी तेव्हा हलतात, मग कंट्रोल-एंटर मारून त्याचं सिलेक्शन करावं. पण एका बोर्डासाठी एवढं कोण करतंय.

नाना_सावंतवाडी
मी हे सगळं करून बघितलं, होत नाही. आमच्या घराच्या फोटोत पुढे गडग्याच्या जागी नवी चिऱ्यांची कंपाउंडची भिंत आली आहे, मला ती काढून जुनं अंगण आणि तुळस दिसायला हवी. भिंत सरळ आहे, सिलेक्शन सुरेख झालं, काढल्यावर मात्र तिथे झाडाचीच पानं आणि अर्धी खिडकी आली. लॅसोत काही सेटिंग आहे का?

फ्लेक्सवाले काका
नाना, लॅसोचा यात काही दोष नाही. बोर्डाच्या मागे काय आहे ते आपल्याला माहीत असतं, चारी बाजूंना जी भिंत दिसते तीच. तुमच्या कंपाउंडने जे झाकलंय ते फोटोत कुठेच नाही, मग सॉफ्टवेअर आजूबाजूचं जे सापडेल ते आणून चिकटवणार, पानं तर पानं. जुना फोटो असेल ज्यात अंगण आहे, तर तो खालच्या लेयरवर ठेवून साधारण त्याच कोनात बसवा आणि वरच्या फोटोतली भिंत उडवा, खालचं अंगण दिसेल. जुना फोटो नसेल तर तुळस कुठून आणणार?

नाना_सावंतवाडी
जुना आहे पण तो मळ्याकडून काढलेला. बघतो.

रानजाई
इथे माझा दुसरा प्रश्न आलाच. नाना म्हणाले ‘काढल्यावर’, काका म्हणाले ‘उडवा’, आणि दोघांच्या बोलण्यात वेगवेगळ्या गोष्टी घडतायत.

फ्लेक्सवाले काका
बरोबर पकडलंत. डिलीट हे एकच बटण तीन कामं करतं. सिलेक्शन चालू असताना दाबलं तर बोर्डाला काही होत नाही, शेवटचं टोक जातं. सिलेक्शन बंद झाल्यावर, फोटो अजून ‘Background’ नावाच्या कुलूपबंद लेयरवर असेल तर Fill ची खिडकी उघडते, तिथे Content-Aware निवडलं की आजूबाजूची भिंत आणून भरतं, CS5 पासून म्हणजे २०१० पासून आहे हे. आणि तोच फोटो साध्या लेयरवर असेल तर सरळ भोक पडतं, मागे राखाडी-पांढरे चौकडे दिसतात. नानांना अंगण दाखवायला भोकच पाहिजे, ताईंना मात्र भरलेली भिंत पाहिजे. तेव्हा तुमच्या पायऱ्यांत ‘डिलीट’ लिहूच नका, नेमकं Edit > Fill लिहा.

शब्दवेडा
मग मराठीत ‘बुजवा’! खड्डा बुजवतात, भोक बुजवतात. ‘पुसा’ म्हटलं की मागे काहीतरी आहे असं वाटतं.

कळशी
बुजवा चांगलं आहे. जिंपमध्ये मात्र घोळ वेगळा, लेयरला अल्फा चॅनल नसेल तर डिलीट केल्यावर बॅकग्राउंड कलर भरला जातो, बहुतेक वेळा पांढरा. भिंत आपोआप भरायला वेगळं प्लगइन टाकावं लागतं. म्हणजे तिथे बुजतं पण चुन्याने.

रानजाई
करून बघितलं काका, कोपऱ्यांवर ठीक जमलं. पण बोर्डाच्या वरच्या लांब कडेला मधोमध पिवळी पट्टी राहिली, दोन्ही टोकांना काही नाही. आणि बोर्डाच्या मागून एक पाण्याचा पाइप खाली येतो, तो मधेच तुटून दोन हात बाजूला सुरू झाला.

फ्लेक्सवाले काका
मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला दिसतोय. त्यात सरळ कड किंचित बाहेर फुगते, दोन कोपऱ्यांत सरळ रेघ मारली की फुगलेला मधला भाग बाहेर राहतो. तेवढ्यासाठी Select > Modify > Expand ने वाढवू नका, पट्टी जाईल पण खिडकीची चौकट आत येईल. कडेवर मधे दोन-तीन क्लिक जास्त मारा, किंवा आधी Filter > Lens Correction ने फोटो सरळ करा आणि मग सिलेक्शन.

पाइपचं ते असंच होतं. एका दमात सगळं बुजवायला गेलं की पाइपसारखी उभी गोष्ट त्याला जोडता येत नाही. पाइपच्या डावीकडचा तुकडा वेगळा लॅसो मारून बुजवा, उजवीकडचा वेगळा, आणि मधली पाइपची पट्टी क्लोन स्टॅम्पने वरून खाली ओढा. भिंतीवर ओल असेल, डाग असतील तर तोच डाग दोनदा आलेला दिसतो, तोही स्टॅम्पनेच मोडावा लागतो.

शब्दवेडा
ताई, ‘ताठ दोरी’ला माझं मत नाही हं अजून. बहुभुज दोरी म्हणा.

रानजाई
मुलं हसतील मला. सध्या लिहिलंय: ‘पॉलिगोनल लॅसो घ्या, कोपऱ्याकोपऱ्याला क्लिक करा, सावली आत घ्या, मग बुजवा.’ लॅसोला अजून कोणाला शब्द सुचला तर सांगा, पाइप मी संध्याकाळी बघते.