शून्य ब्रोकरेजचा ब्रोकर खरोखर स्वस्त पडतो का?

नवखा, नाशिक: दरमहा पाच हजार रुपये शेअरमध्ये गुंतवावेत आणि गरज पडेल तसे थोडे थोडे विकावेत, असा माझा विचार आहे. पगार ज्या बँकेत जमा होतो, ती अर्धा टक्का ब्रोकरेज सांगते आणि ॲपवाले शून्य सांगतात. डीमॅट खाते कोणाकडे उघडावे?

जुना हिशेबनीस: ब्रोकरेजआधी दोघांनाही डीपी चार्जेस विचारा. डीमॅटमधून शेअर विकला की हा आकार लागतो, आणि तो शेअरच्या संख्येवर नव्हे, तर प्रत्येक कंपनीमागे प्रत्येक दिवशी एकदा लागतो. माझ्या ब्रोकरकडे तो 13.50 रुपये आहे, जीएसटीसह 15.93. मी 160 रुपयांच्या एका कंपनीचे 30 शेअर सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे दहा-दहा करून विकले. रोजची विक्री 1,600 रुपयांची होती, म्हणजे ब्रोकरेज शून्य असूनही एक टक्का गेलाच. तीनही दिवसांचे मिळून 47.79 रुपये कापले गेले, तर सरकारचा एसटीटी हा व्यवहारावरचा कर अवघा 4.80 होता. तेच 30 शेअर एकाच दिवशी विकले असते, तर 15.93 मध्ये काम भागले असते. शिवाय ही वजावट सौद्याच्या पावतीवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटवर, दिसत नाही, ती ब्रोकरकडील आपल्या खातेवहीत, म्हणजे लेजरमध्ये, दिसते, आणि लेजर उघडून पाहणारे फार थोडे असतात.

ठाणेकर काकू: हिशेब बरोबर असला, तरी मी बँकेकडेच जाईन. ॲपवाला बुडाला तर शेअरही बुडतील, त्यापेक्षा अर्धा टक्का परवडला.

जुना हिशेबनीस: काकू, आपली भीती निम्मी खरी आहे. शेअर ब्रोकरकडे नसतात, ते आपल्या नावाने सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीत असतात. तथापि 2019 मध्ये कार्वी या ब्रोकरच्या प्रकरणात ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचेच शेअर तारण ठेवले गेले होते, हेही विसरता येत नाही. त्या मुखत्यारपत्राच्या जागी आता मर्यादित अधिकारांचे डीडीपीआय आले आहे आणि ते देणे ऐच्छिक आहे. ते दिले नाही, तर विक्रीच्या वेळी टीपिन हा डिपॉझिटरीचा पिन आणि ओटीपी द्यावा लागतो, एवढाच त्रास. धोका खरा असतो तो ब्रोकरकडे पडून राहिलेल्या रोख रकमेला, आणि बँकेची ब्रोकिंग कंपनी ही बँकेहून वेगळी असल्याने तिथे ठेवलेली रक्कम म्हणजे बँकेतील ठेव नव्हे.

पुणे, रात्रपाळी: खर्चाचे बोलता आहात, पण ॲप चालले पाहिजे ना? 4 जून 2024 रोजी, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, माझ्या ब्रोकरच्या ॲपवर लॉगिनचे चक्र सकाळी पाऊण तास फिरत राहिले. निफ्टी त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के पडला आणि माझा फ्युचर्सचा सौदा तसाच अडकला. ग्राहकसेवेचा फोन लागला तोवर नुकसान दुप्पट झाले होते.

जुना हिशेबनीस: आपले दुःख खरे आहे, परंतु प्रश्नकर्त्याला फ्युचर्स करायचे नाहीत. डिलिव्हरी, म्हणजे शेअर खात्यात, घेणाऱ्याने पाऊण तास थांबले तरी सहसा बिघडत नाही. ब्रोकरची यंत्रणा पूर्ण कोलमडल्यास एक्स्चेंजची आयआरआरए नावाची सोय असते, मात्र तिच्यातून असलेला सौदा बंद करता येतो, नवी खरेदी करता येत नाही. फोनवरून ऑर्डर देण्याचा क्रमांक आणि त्याचा आकार खाते उघडतानाच लिहून ठेवावा.

सोलापूर: म्युच्युअल फंडासाठी डीमॅट लागतच नाही, मग हा खटाटोप कशाला?

जुना हिशेबनीस: ते शेअर विचारत आहेत, फंड नव्हे.

नवखा, नाशिक: मी ॲपवर अर्ज सुरू केला. पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, रद्द केलेला चेक आणि कोऱ्या कागदावरची सही एवढे दिल्यावर सेल्फी मागितला. त्यापुढच्या पानावर डीडीपीआय आणि एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्स, या दोन्ही खुणा आधीच केलेल्या होत्या आणि एफ अँड ओसाठी सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट हवे होते.

जुना हिशेबनीस: दोन्ही खुणा काढा, स्टेटमेंटचा प्रश्नच मिटेल. खाते बीएसडीए या छोट्या गुंतवणूकदारांच्या साध्या प्रकारात आहे ना, हेही विचारा. त्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक देखभाल आकार लागत नाही, मात्र असे खाते एका पॅनवर एकच ठेवता येते.

नवखा, नाशिक: बँकेचे दरपत्रकही आले. अर्धा टक्का खरा, पण खाली बारीक अक्षरांत प्रत्येक ऑर्डरला किमान 25 रुपये लिहिले आहेत, आणि डीपी चार्जेस त्याखेरीज.

जुना हिशेबनीस: मग 1,600 च्या विक्रीवर आपण समजत होता ते आठ रुपये नव्हेत, जीएसटी धरून साडेएकोणतीस.

ठाणेकर काकू: तरीही मी बँकच धरेन. अडचण आली तर समोर बसून भांडायला माणूस असतो, त्याचे मोल हिशेबनीसांच्या लेजरमध्ये कुठे लिहिलेले असते?