मदत हवी आहे: क्लायंट सातव्यांदा स्क्रिप्ट बदलून राहिले, नातं न बिघडवता मेसेज कसा टाकू?

मागची_खोली_स्टुडिओ

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, मनीषनगरला राहतो, छोट्या धंद्यांचे जाहिरातीचे व्हिडिओ करतो. एकटाच आहे, ऑफिस म्हणजे घरातली मागची खोली.

क्लायंट उमरेड रोडला लेआउट टाकून राहिले, तीन पार्टनर आहेत. त्यातले जे माझ्याशी बोलतात ते मामाच्या ओळखीतले, मी त्यांना काका म्हणतो, हाच सगळा घोळ आहे. 90 सेकंदांचा व्हिडिओ, विषय प्लॉट बुकिंग, 32,000 रुपये ठरले, त्यातले 16,000 अ‍ॅडव्हान्स आले. पैशाला काका चोख आहेत, ते आधीच सांगतो.

पहिली स्क्रिप्ट 196 शब्दांची होती, वाचली की बरोबर दीड मिनिट. मग एका पार्टनरने हायवे टाकायला सांगितला, दुसऱ्याने तो काढून शाळा टाकली, तिसऱ्याच्या जावयाला सुरुवातच नाही आवडली. चौथ्या वेळी काका फोनवर म्हणाले "हां चालते, करा आता", म्हणून मी व्हॉइसओव्हर करून घेतला, 3,500 खिशातून दिले, ड्रोनचं शूटही झालं. त्यानंतर पाचवी, सहावी आणि काल रात्री 11 वाजता सातवी. सातवीत प्लॉट जवळपास गायबच, आता "वीकेंड फार्महाउस" आणि क्लबहाउस दाखवायचं आहे. क्लबहाउस अजून बांधलंच नाही, तिथे सध्या बोरवेलची गाडी उभी आहे. आणि मिहान पाचव्या स्क्रिप्टमध्ये 10 मिनिटांवर होतं ते सातवीत 15 मिनिटांवर गेलं, राजेहो.

कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं "स्क्रिप्टमधील बदल समाविष्ट". किती बदल ते लिहिलंच नाही. आता हा मेसेज टाईप करून ठेवला आहे, पाठवला नाही:

"काका, आतापर्यंत खूप रिव्हिजन झाल्या आहेत, आमच्या पॉलिसीप्रमाणे फक्त दोनच असतात, यापुढे चार्ज लागेल. कृपया समजून घ्या."

वाचून मलाच कसंतरी होऊन राहिलं. कसा लिहू?

धंतोलीचा_धोंडू

भाऊ, काम बंद कर सरळ. उरलेले 16,000 आल्याशिवाय एक फ्रेम दाखवू नको. आणि उद्यम रजिस्ट्रेशन केलं का? एमएसएमई कायद्यात 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर व्याज चढते. माझे एका ठिकाणी चार महिने अडकले होते, कायद्याचं नाव काढल्याबरोबर आले.

मागची_खोली_स्टुडिओ

पैसे अडकले नाहीत ना दादा, कामच पूर्ण होऊन नाही राहिलं.

टाइमलाइन_ताई

तुझ्या मेसेजमधली "आमच्या पॉलिसीप्रमाणे" ही ओळ आधी खोड. ती पॉलिसी काकांनी कधी पाहिलीच नाही, कारण ती नव्हतीच. "बदल समाविष्ट" असं तूच लिहून दिलंस आणि सात वेळा हूं की चूं न करता केलेस, मग त्यांनी का थांबावं? झालेल्या बदलांवर आता मागून मर्यादा लावलीस तर ते कोटेशन काढून दाखवतील आणि त्यांचं बरोबर असेल. जे झालं ते तुझ्याकडून गेलं म्हण आणि रेघ इथून पुढे ओढ.

आणि तू सात बदल एका मापाने मोजतोयस. हायवे काढून शाळा टाकली ही दुरुस्ती झाली, विषय तोच राहिला. सातवी मात्र दुरुस्ती नाहीच, ते दुसरं काम आहे. प्लॉट घेणारा माणूस वेगळा आणि वीकेंडला फार्महाउसवर जाणारा वेगळा, तुझे ड्रोन शॉट रिकाम्या जमिनीचे, आणि क्लबहाउस दाखवायला थ्रीडी करावं लागेल. त्यामुळे "रिव्हिजन संपल्या" म्हणूच नकोस, "विषय बदलला" म्हण. पहिलं ऐकलं की माणूस भांडायला उठतो, दुसऱ्यावर निदान विचार तरी करतो. सातवी किती शब्दांची आहे?

मागची_खोली_स्टुडिओ

आत्ता मोजले. 324.

टाइमलाइन_ताई

मराठीत आरामात वाचलं तर मिनिटाला 130च्या आसपास शब्द जातात, म्हणजे हा अडीच मिनिटांचा व्हिडिओ झाला. तू दीड मिनिटाचे पैसे घेतलेस. हा आकडा मेसेजमध्ये टाक, त्यात कुणाची चूक निघत नाही. मी तर क्लायंटलाच मोबाइलचं स्टॉपवॉच लावून स्क्रिप्ट मोठ्याने वाचायला लावते, दुसऱ्या परिच्छेदाला त्यांनाच दम लागतो.

तर्री_जास्त

सोपा उपाय सांगू का, प्रत्येक रिव्हिजनला 500 रुपये लाव. मी लावले, आपोआप बदल कमी झाले.

टाइमलाइन_ताई

पैसे लावायला हरकत नाही, पण 500 लावले तर या लेआउटवाल्यांना ते चहापाण्यासारखे वाटतील आणि हवे तितके बदल विकत घेतील. स्क्रिप्ट कुठल्या तारखेला आणि कुणाच्या होकाराने बंद होते ते आधी ठरायला हवं, पैसे त्यानंतर. तीन पार्टनर आहेत ना? सात स्क्रिप्ट काकांच्या नाहीतच, जो शेवटी वाचतो तो बदलतो. त्यामुळे तिघांच्या सूचना एकत्र, एकाच मेसेजमध्ये, यालाच एक फेरी समजायचं असं लिहून टाक. मंगळवारी एकाने दोन ओळी सांगितल्या, गुरुवारी दुसऱ्याने त्या खोडल्या, ही पद्धत बंद झाली की तुझा अर्धा ताप उतरला.

आवाज_माझाच

मी व्हॉइसओव्हर करते म्हणून एक सांगते, "दोनच वाक्यं बदलली, तेवढीच परत बोला" असं करून पैसे वाचवायला जाऊ नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी बोललेलं वाक्य मध्ये शिवलं की लगेच कानाला लागते, सकाळचा आवाज जड असतो, माइक चार बोटं पुढेमागे झाला तरी खोली वेगळी ऐकू येते. मग एडिटर संगीत वाढवून ते झाकतो आणि क्लायंट म्हणतो आवाज दबला. होकार लेखी आल्याशिवाय रेकॉर्डिंगला पाठवूच नका, फोनवरचं "चालते" म्हणजे होकार नसतोच.

अल्बम_आणि_बरंच

माझं लग्नाचं काम आहे, आमच्याकडे तर नवरीची आत्या सहा महिन्यांनी फोन करून म्हणते मी व्हिडिओत दोनदाच दिसली. स्क्रिप्टच नसते त्यामुळे लॉक काय करणार बाप्पा. यावर कोणाकडे उपाय असेल तर सांगा.

धंतोलीचा_धोंडू

आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून काही उपयोग नाही बरं का, स्टॅम्प पेपर पाहिजे.

टाइमलाइन_ताई

स्टॅम्प पेपर असला तर मजबुती येते, पण फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार बाद ठरत नाही, आयटी कायद्याचं कलम 10अ तेच सांगते. बाकी 32,000 साठी कोर्टात कोण जातं? लेखी यासाठी हवं की पंधरा दिवसांनी दोघांनाही तेच आठवावं.

मागची_खोली_स्टुडिओ

ताई, तुमचं वाचून परत लिहिलं. आधी हिशोब केला: थ्रीडीवाला मित्र क्लबहाउसचे 9,000 म्हणाला, नवीन व्हॉइसओव्हर 3,500, माझे एडिटिंगचे दोन दिवस वाढतात त्याचे 6,500, म्हणजे वरून 19,000.

"नमस्कार काका, काल पाठवलेली स्क्रिप्ट वाचली. फार्महाउसचा विचार चांगला आहे, पण त्याने व्हिडिओचा विषय बदलतो आणि लांबी दीड मिनिटावरून अडीच मिनिटांवर जाते, म्हणून पुढे जाण्याआधी विचारून घेतो.

आतापर्यंत जे बदल झाले त्याचे वेगळे पैसे नाहीत. कोटेशनमध्ये किती वेळा बदल ते लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं.

आता दोन प्रकारे करता येईल. पहिला, तुम्ही हो म्हटलेली चौथी स्क्रिप्ट, विषय प्लॉट बुकिंग, ठरलेल्या 32,000 मध्येच. आवाज आणि शूट तयार आहे, तुमचा होकार आल्यापासून सहा दिवसांत व्हिडिओ देतो. दुसरा, फार्महाउसचा नवीन व्हिडिओ, अडीच मिनिटांचा, क्लबहाउसच्या थ्रीडीसह, 19,000 जास्त आणि तीन आठवडे. यात स्क्रिप्ट बदलायच्या दोन फेऱ्या. तिघांच्या सूचना एकत्र करून एकाच मेसेजमध्ये पाठवल्या की ती एक फेरी. मग तुम्ही 'स्क्रिप्ट फायनल' असं लिहून पाठवलं की आवाज रेकॉर्ड करू, त्यानंतर बोलण्यात बदल झाला तर नवीन रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचे 5,000.

फोन नंबर, भाव, रेरा नंबर असं स्क्रीनवर लिहिलेलं काही चुकलं तर व्हिडिओ देईपर्यंत मी तसंच दुरुस्त करून देईन.

शनिवारपर्यंत कोणता प्रकार ते कळवाल का? तोवर सातव्या स्क्रिप्टवर काम सुरू करत नाही."

टाइमलाइन_ताई

आता झाला मेसेज. फक्त पहिल्या प्रकारात दार उघडंच ठेवलंस. "स्क्रीनवरच्या मजकुराची एक फेरी, बोललेली वाक्यं आहेत तीच राहतील" असं टाक, नाहीतर चौथीवर हो म्हणून परत शाळेतून हायवेवर येतील. रेराचं लिहिलंस ते बरं केलंस, महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे, शेवटच्या प्लेटवर जागा ठेव. तो कोड टाकणं हा बदल म्हणून मोजू नको, ते करावंच लागतं.

तर्री_जास्त

"माझ्याकडून राहिलं" कशाला लिहायचं? चूक कबूल केली की लोक डोक्यावर बसतात. मी नसतं लिहिलं.

आवाज_माझाच

मी लिहिलं असतं. ओळखीतले आहेत, ते वाक्य काढलं तर सगळा मेसेज नोटिशीसारखा वाटतो.

टाइमलाइन_ताई

माझंही पक्कं नाही. ओळखीत लिहावं, कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला पाठवायचं असतं तर गाळलं असतं. आणि मेसेज रात्री टाकू नको, सकाळी दहानंतर टाक, त्याआधी एक फोन करून "काका, सविस्तर लिहून पाठवतो" एवढंच सांग. फोनवर आकडे बोलू नको, बोललास की घासाघीस तिथेच सुरू होते.

मागची_खोली_स्टुडिओ

अपडेट: काल सकाळी फोन केला, मग मेसेज टाकला, स्क्रीनवरच्या मजकुराची ओळ जोडून. दोन निळ्या टिका लगेच आल्या आणि दुपारपर्यंत काहीच नाही, मी तर जेवलो पण नाही. चार वाजता काकांचा व्हॉइस मेसेज आला: "बरं झालं लिहिलं, मलाच समजून नव्हतं राहिलं कोणती स्क्रिप्ट चालू आहे. चौथीच करून टाक. फार्महाउसचं दिवाळीनंतर पाहू, पण 19 जास्त होतात रे."

आज सकाळी दुसऱ्या पार्टनरने चौथी स्क्रिप्ट मला परत पाठवली, वर लाल पेनने तीन गोल मारलेले. फाइलचं नाव `script_4_FINAL_new2.pdf`. तिन्ही गोल बोललेल्या वाक्यांवर आहेत. हे मी सरळ काकांकडे पाठवू की यांनाच उत्तर देऊ?

टाइमलाइन_ताई

काकांकडे. यांना फक्त "काकांना पाठवलं, तुमचं तिघांचं एकत्र आलं की बघतो". तीनपैकी एक गोल रेरा नंबरवर असेल तर मात्र आधी नीट बघ.

मागची_खोली_स्टुडिओ

आहे. नंबरमधला एक आकडा खरंच चुकला आहे, आणि तो व्हॉइसओव्हरमध्ये बोलला गेला आहे.

आवाज_माझाच

नंबर बोलून घ्यायचा कशाला रे, स्क्रीनवर दाखवायचा. ते वाक्य काप आणि तिथे दोन सेकंद संगीत जाऊ दे.