मदत हवी आहे: मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्पर्श आणि डोळे शाबूत कसे राहतात?

यंत्रमागाची_लेक
नमस्कार. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. माझ्या वडिलांची सारी हयात यंत्रमागावर गेली. गेल्या दिवाळीपासून तुटलेला धागा बांधताना त्यांच्या उजव्या हाताची चिमूट सुटू लागली. आता अंगठ्याखालचा उंचवटा बसला आहे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खळगा पडला आहे आणि दंडावर कातडीखाली सतत फडफड दिसते. गंमत अशी, की त्याच हातावर डॉक्टरांनी हातोडी मारली तेव्हा हात जोरात उडाला, आणि चालतानाही पाय ताठ पडतात. मानेच्या एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सरकलेली दिसते. तरीही न्यूरॉलॉजिस्टांना मोटर न्यूरॉन डिसीजची शंका आहे. नसांचाच आजार असेल, तर त्यांना टाचणीचा स्पर्श नीट कसा कळतो आणि डोळे सगळीकडे व्यवस्थित कसे फिरतात? निदान चुकले असेल का?

पार्क_चौक
मानेचे ऑपरेशन आधी करून घ्यावे, असे माझे मत आहे. मज्जारज्जू मानेत दाबला गेला, की दाबाच्या पातळीवर स्नायू वाळतात आणि त्याखाली पाय ताठ होतात, म्हणजे दोन्ही प्रकारची लक्षणे एकाच जागेच्या बिघाडातून येऊ शकतात. माझ्या मेव्हण्याचे असेच झाले होते.

शुभांगी_काकू
माझ्या आईला मधुमेहामुळे तळपायांची आग होत असे, बी-१२ ची इंजेक्शने घेतल्यावर तिला बराच आराम पडला. तुम्हीही तपासणी करून घ्या.

ईएमजीवाला
शुभांगीताई, आपल्या आईंची तक्रार संवेदनेच्या नसांची होती, इथला प्रश्न नेमका उलटा आहे.

पार्क चौक यांचा मुद्दा खरा आहे, पण इथे जागा जुळत नाही. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सहाव्या नसेला दाबते, तर तळहाताचे लहान स्नायू त्याखालच्या, आठव्या मानेच्या आणि पहिल्या छातीच्या नसेवर चालतात. शिवाय लेकीला एक विचारतो: करंगळीच्या बाजूची गादी भरलेली आहे का? खळग्यातला स्नायू आणि करंगळीची गादी यांना एकच नस आणि मज्जारज्जूची एकच पातळी पुरवठा करते. मग एक वाळला आणि दुसरा टिकला, तर त्याचे उत्तर दाबलेल्या नसेत सहसा सापडत नाही.

आता स्पर्शाविषयी. हा आजार जागा पाहून नव्हे, पेशींची जात पाहून घाला घालतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या, म्हणजे मोटर, पेशींची साखळी दोन टप्प्यांची असते. मेंदूतल्या वरच्या पेशी गेल्या, की लगाम सुटून हातोडीने येणारे झटके वाढतात आणि अंग ताठते. मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या खालच्या पेशी गेल्या, की स्नायू वाळतो आणि फडफडतो. दोन्ही एकाच हातात दिसणे हीच या आजाराची खूण आहे. स्पर्शाच्या पेशी मात्र मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्यांजवळच्या गाठींमध्ये असतात आणि जातीनेही वेगळ्या असतात. म्हणून नसांमधून प्रवाह कसा वाहतो हे मोजणाऱ्या एनसीव्ही तपासणीत संवेदनेच्या नसांचे आकडे साधारणपणे चांगले येतात.

डोळे हलवणाऱ्या पेशी मात्र मोटर असूनही का वाचतात, याचे पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. हाता-पायांतली एक पेशी शेकडो स्नायुतंतू सांभाळते, डोळ्यातली मोजकेच. शिवाय पेशीत साचणारे कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिने डोळ्यांच्या पेशींत अधिक असतात. कमरेखालच्या मज्जारज्जूतल्या, लघवी आणि शौच रोखून धरणाऱ्या पेशीही अशाच बचावतात, त्यामुळे लघवीवरचा ताबा लवकर गेला तर मला निदानाविषयी उलट शंका येते.

यंत्रमागाची_लेक
करंगळीची बाजू भरलेली आहे, आत्ताच पाहिली. केसपेपरवर ‘जॉ जर्क ब्रिस्क’ असेही लिहिले आहे.

ईएमजीवाला
ही नोंद मोलाची आहे. हनुवटीवर हातोडी मारल्यावर येणारा हा जबड्याचा झटका मानेच्या वर घडतो, त्यामुळे तो वाढला असेल तर मानेतली चकती त्याला जबाबदार धरता येत नाही. ईएमजी, म्हणजे स्नायूंतली विजेची हालचाल मोजणारी तपासणी, करताना जीभ, पाठीचे छातीलगतचे स्नायू आणि पाय यांतही सुई घालून पाहायला सांगा. एनसीव्हीमध्ये मोटर नसेच्या मधल्या टप्प्यावर प्रवाह अडतो का, हेही पाहतात, कारण तसा एक वेगळा आजार इम्युनोग्लोब्युलिन या प्रतिपिंडांच्या औषधाने सुधारतो. त्यात झटके बहुधा कमी झालेले असतात, तुमच्याकडे वाढलेले आहेत, तरीही तो तपासून वगळायलाच हवा.

पार्क_चौक
तरीसुद्धा मणक्यांच्या सर्जनला दाखवायला काय हरकत आहे? मेव्हण्याच्या हातालाही मुंग्या येत नव्हत्या.

ईएमजीवाला
हरकत नाही. मानेच्या दाबातही क्वचित स्पर्श टिकतो, त्यामुळे केवळ टाचणीवरून निर्णय होत नाही. सर्जनना एवढेच विचारा, की दाब काढल्यावर जबडा आणि हाताचा खळगा यांतले काय सुधारेल.

यंत्रमागाची_लेक
डोळे आणि स्पर्श शेवटपर्यंत असेच राहतील का?

ईएमजीवाला
बहुतेकांचे राहतात, म्हणून बोलणे थांबल्यावर डोळ्यांनी अक्षरे निवडण्याची यंत्रे वापरता येतात. काही रुग्णांना मुंग्या येतात, आणि व्हेंटिलेटरवर वर्षानुवर्षे जगलेल्यांपैकी काहींची डोळ्यांची हालचालही मंदावते. पुढच्या भेटीत श्वासाची क्षमता मोजून घ्या, विशेषतः त्यांना उताणे झोपल्यावर धाप लागत असेल तर.