मदत हवी आहे: आत्याच्या गाण्यात चेष्टा कुठे थांबवू?

ठाण्यात आत्याच्या पंचाहत्तरीला म्हणायला गाणं लिहितोय. पहिल्या कडव्यात ती जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करते आणि घरी येऊन अर्धी जुडी शेजारणीला देते. हसू तिच्या हट्टाचं येतं, शेवटची ओळ तिच्या बाजूने पडते.

दुसऱ्यात ती फोनवर भलतंच ऐकून भलतंच उत्तर देते. यमक झकास, पण कमी ऐकू येणं तिने निवडलेलं नाही. बाबांना म्हणून दाखवलं. पहिल्याला ते खळखळून हसले, दुसऱ्याला आधी आईकडे पाहिलं. आत्या स्वतः हा किस्सा सांगते खरी, पण सगळ्यांनी कोरसमध्ये म्हणणं वेगळं.

‘आम्हीच पुटपुटतो’ असं ध्रुवपद केलं तर टोक आमच्याकडे वळेल का? की कडवंच काढू?