अनुभव धागा: डीलरची खुर्ची आणि प्रॉप डेस्कची खुर्ची

निशिगंधा

माझ्या धाकट्या भावाने यंदा बी.कॉम. पूर्ण केले असून त्याच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. ठाण्यातील एका दलाली पेढीत डीलर म्हणून ठरावीक पगाराची नोकरी आहे, आणि बोरिवलीतील एका कार्यालयात, पगार नसलेली पण नफ्यातील चाळीस टक्के देऊ करणारी, मात्र आधी दोन लाख रुपये अनामत मागणारी ‘प्रॉप ट्रेडर’ची, म्हणजे पेढीच्या पैशाने सौदे करणाऱ्याची, जागा आहे. दोन्हींना तो ‘ट्रेडिंगमधले करिअर’ असेच म्हणतो. ज्यांनी ही कामे प्रत्यक्ष केली आहेत, त्यांनी दिवसभर नेमके काय करावे लागे आणि कोणत्या कौशल्यावर निभाव लागला, हे कृपया लिहावे.

हेडफोनवाला

मी सात वर्षे डीलर होतो, त्यामुळे पहिल्या खुर्चीबद्दल लिहितो. बाजार सव्वानऊला उघडत असला तरी माझा दिवस आठला सुरू होई, कारण कोणत्या ग्राहकाच्या खात्यात सौद्यांसाठीची तारण रक्कम, म्हणजे मार्जिन, किती शिल्लक आहे हे पाहिल्याशिवाय फोन उचलणे धोक्याचे असते. बाजार कोणीकडे जाणार हे ओळखण्याचा या कामाशी फारसा संबंध नाही, हे ऐकून नवीन मुलांचा विरस होतो. ऐकणे, ऐकलेले ग्राहकाला पुन्हा म्हणून दाखवणे आणि मगच कळ दाबणे, एवढ्यावर नोकरी टिकते.

माझी एक चूक सांगतो. ग्राहकाने पाचशे शेअर विकायला सांगितले आणि मी F2 ऐवजी F1 दाबून ६४२ रुपयांना पाचशे खरेदी केले. चूक लक्षात येईपर्यंत भाव ६३८.५० वर आला होता. आता हजार शेअर विकावे लागले, त्यांतील पाचशे माझी चूक मिटवण्यासाठी आणि पाचशे ग्राहकाच्या मूळ आदेशापोटी. चुकीच्या खरेदीत १,७५० रुपये गेले आणि ग्राहकाला ६४२चा भाव भरून देताना आणखी १,७५०. तीन मिनिटांत साडेतीन हजारांचा भुर्दंड बसला. संभाषण ध्वनिमुद्रित असल्यामुळे वाद झाला नाही, पण त्या ध्वनिफितीत मी आदेश परत म्हणून दाखवलेला नव्हता, हेही तितक्याच स्पष्टपणे ऐकू येत होते.

चार्टप्रेमी

मी गेली दोन वर्षे स्वतःच्या पैशाने ऑप्शनमध्ये व्यवहार करतो. सुरुवातीला चांगला नफा झाला, नंतर सारा गेला. प्रॉप डेस्कवर असे धोरण शिकवतात का, आणि आपण सर्व सध्या कोणता इंडिकेटर वापरता?

निशिगंधा

चार्टप्रेमी, आपला प्रश्न वेगळा आहे. येथे नोकरीविषयी अनुभव अपेक्षित आहेत.

मिरजकर

निशिगंधाताई, शेअर वायद्यांच्या विभागात डीलर व्हायचे असेल तर रोखे बाजाराची प्रमाणपत्रे देणाऱ्या एनआयएसएम संस्थेची आठव्या मालिकेची परीक्षा द्यावीच लागते. शंभर प्रश्न, दोन तास, साठ टक्क्यांना उत्तीर्ण, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रॉपमध्ये मात्र पैसा पेढीचा असल्यामुळे प्रमाणपत्राची गरज नसते. तेथे फक्त गणित पाहतात.

फोर्टचा जुना जॉबर

मिरजकर, परीक्षेची माहिती बरोबर आहे, पण पुढचे विधान दुरुस्त करतो. ज्याच्या नावावर टर्मिनलचा युजर आयडी असतो त्याच्याकडे त्या विभागाचे प्रमाणपत्र असावे लागते, मग सौदा ग्राहकाचा असो वा पेढीचा. प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवे करावे लागते, हेही भावाला सांगावे.

मी १९९६ साली फोर्टमध्ये पेढीच्या पैशावर आर्बिट्राज करू लागलो. एकच शेअर बीएसईवर एका भावाला आणि एनएसईवर दुसऱ्या भावाला मिळे, आणि दोन्ही बाजारांचे सेटलमेंटचे आठवडे वेगवेगळ्या वारी संपत, त्यामुळे कोणत्या वारी कोणता सौदा कुठे ढकलायचा याचा हिशेब डोक्यात पक्का असलेला माणूस कमावत असे. २००१ साली रोलिंग सेटलमेंट आले, म्हणजे प्रत्येक दिवसाचे सौदे स्वतंत्रपणे मिटू लागले, आणि माझे ते कौशल्य जवळपास एका हंगामात निरुपयोगी ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेअरचे वायदे सुरू झाले, म्हणून आम्ही रोख आणि वायदा यांच्या फरकावर वळलो.

पुढे मुलाखती घेऊ लागल्यावर मी प्रत्येक उमेदवाराला एकच उदाहरण घालीत असे. ऑक्टोबर २०२४पासूनच्या करांनुसार ते असे होते. शेअर रोखीत हजार रुपये, वायदा एक हजार सहा, मुदत संपायला वीस दिवस, लॉट पाचशेचा. रोखीत घेऊन वायदा विकला तर मुदतीपर्यंत थांबून किती सुटतील? बहुतेक जण तत्काळ तीन हजार म्हणत. शेअर घेताना पाचशे आणि देताना पाचशे रुपये एसटीटी हा सौद्यांवरचा कर, वायदा विकल्याचे शंभर, आणि मुद्रांक शुल्कासह किरकोळ आकार धरून सुमारे बाराशे जातात, उरले अठराशे. पाच लाखांचा माल आणि साधारण लाखभराचे मार्जिन वीस दिवस अडकते, आणि पेढीला तो पैसा नऊ टक्क्यांनी पडत असेल तर त्यावरचे व्याजच जवळपास तीन हजार होते. म्हणजे पडद्यावर नफा दिसणारा हा सौदा अकराशे-बाराशेंच्या तोट्याचा आहे. जो उमेदवार उत्तर देण्याआधी ‘पैसा किती टक्क्यांचा?’ असे विचारी, त्याला मी ठेवून घेत असे, मग पदवी कोणतीही असो.

हेडफोनवाला

काका, पण फरक मुदतीआधीच मिटला तर बाहेर पडता येते ना?

फोर्टचा जुना जॉबर

येते. पाचव्या दिवशी फरक रुपयावर आला तर व्याज चौथाईच लागते आणि सौदा थोडका का होईना, फायद्यात जातो. तो लवकर मिटेल की नाही हे ओळखणे हीच या धंद्यातली खरी मेख आहे, आणि ते मला कोणालाही शिकवता आलेले नाही.

सी_प्लस_प्लसवाली

मी ज्या पेढीत आहे तीही प्रॉपच आहे, पण आमच्याकडे कोणी कळ दाबत नाही; आमच्या आज्ञावल्या बाजाराच्याच इमारतीत ठेवलेल्या सर्व्हरवरून सौदे करतात. माझ्या मुलाखतीत एक फासा टाकून जितके ठिपके तितके रुपये, आणि आकडा आवडला नाही तर एकदाच पुन्हा टाकण्याची मुभा, अशा खेळाची किंमत विचारली होती. उत्तर सव्वाचार रुपये. मी ते दिल्यावर समोरच्या गृहस्थांनी ‘मग किती भावाने घ्याल आणि किती भावाने विकाल?’ असे विचारले, आणि मी चारला घेईन म्हणताच ते सलग तीन वेळा मला विकत राहिले. मी भाव खाली आणते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. प्रत्यक्ष नोकरीत मात्र माझा अर्धा दिवस कालचे लॉग वाचण्यात जातो. आमच्या दाराने बी.कॉम. उमेदवार येणे अवघड आहे, हे मी लपवणार नाही.

जुनी_अनामत

मी बोरिवलीसारख्याच एका कार्यालयात अकरा महिने जॉबिंग केले. पाच-दहा पैशांसाठी दिवसाला शंभरेक सौदे करीत असे. महिन्याकाठी ढोबळ नफा दिसे, पण कर आणि टर्मिनलचे भाडे वजा करून उरलेल्या रकमेचे चाळीस टक्के मला मिळत. तोट्याचा महिना आला की पूर्ण रक्कम माझ्या अनामतीतून कापली जाई. नफा वाटून आणि तोटा एकट्याचा, अशी ही व्यवस्था होती. हात जलद झाला, तोटा पटकन कापायला शिकलो, हे खरे. तरी तिला नोकरी म्हणावे की नाही याबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही.

फोर्टचा जुना जॉबर

निशिगंधाताई, भावाला दोनच गोष्टी विचारायला सांगा: अनामतीची पावती कोणाच्या नावाने मिळेल, आणि टर्मिनलचा युजर आयडी कोणाच्या नावाचा असेल.

निशिगंधा

काका, त्याने आजच विचारले. पावतीची पद्धत नाही, आणि आयडीचे ‘आम्ही बघून घेऊ’, असे उत्तर मिळाले. ठाण्याच्या पेढीला त्याने सोमवारी येतो म्हणून कळवले आहे, मात्र बोरिवलीला नकार अजून दिलेला नाही.